एसीच्या डक्टमधला दाब दिवसभर एकच कशाला?

मोठ्या ऑफिसांच्या इमारतींमध्ये हल्ली एक चित्र नेहमीचं झालंय. निम्मी माणसं घरून काम करतात, निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, पण सेंट्रल एसीचं बिल त्या मानानं उतरत नाही. चिलर म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. हवा ढकलणाऱ्या फॅनकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. त्याला स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह बसवलेला असतो, स्पीड कमी झालेला स्क्रीनवर दिसतही असतो, त्यामुळे तिथलं काम झालं असं सगळे धरून चालतात.

अभियांत्रिकीच्या पुस्तकात मात्र वेगळं लिहिलेलं असतं. एकाच डक्टमधून फॅननं निम्मी हवा ढकलली, तर वीज निम्मी नव्हे, एक-अष्टमांश लागायला हवी. प्रत्यक्ष मीटरवर पाव किंवा त्याहून जास्त दिसते. ही मधली वीज जाते कुठे आणि ती कशी परत मिळवायची, एवढंच या लेखात बघायचं आहे.

आधी यंत्रणा समजून घेऊ

मोठ्या इमारतीत एक मोठा फॅन गार हवा मुख्य डक्टमध्ये सोडतो. डक्ट म्हणजे फॉल्स सीलिंगच्या वर असलेली पत्र्याची बोगदेवजा नळी. तिला फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीच्या टोकाशी, एकेका खोलीसाठी किंवा दोन-चार खोल्यांच्या गटासाठी, एक पत्र्याचा डबा असतो. तो व्हीएव्ही बॉक्स. त्याच्या आत एक झडप असते, तिला डॅम्पर म्हणतात. खोली गरम झाली की थर्मोस्टॅट जास्त हवा मागतो आणि डॅम्पर उघडतो. खोली पुरेशी गार झाली की तो मिटत जातो. हवेचं तापमान साधारण तेच राहतं, बदलतं ते तिचं प्रमाण.

आता फॅनला कसं कळणार की चाळीस खोल्यांपैकी कुठे किती हवा लागते आहे? त्याला ते थेट कळत नाही. म्हणून मुख्य डक्टमध्ये, बहुधा फॅनपासून टोकापर्यंतच्या अंतराच्या दोन-तृतीयांशावर, एक दाबमापक बसवतात. डक्टमधली हवा पत्र्याच्या भिंतींवर जो दाब देते तो हा मापक मोजतो. यालाच स्टॅटिक प्रेशर म्हणतात. पुढे नुसतं ‘दाब’ म्हणू. हा दाब एका ठरलेल्या आकड्यावर ठेवायचा, एवढं एकच काम फॅनला दिलेलं असतं. खोल्यांनी झडपा मिटल्या की डक्टमध्ये दाब वाढतो, फॅन मंदावतो. झडपा उघडल्या की दाब उतरतो, फॅन वेग घेतो.

ही युक्ती चांगली आहे. खोट आहे ती त्या ‘ठरलेल्या आकड्यात’.

तो आकडा कुठून येतो?

हा आकडा वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवसासाठी काढलेला असतो. बाहेर रणरणतं ऊन, इमारत माणसांनी भरलेली, सगळ्या झडपा उघड्या, आणि तरीही सगळ्यात लांबच्या बॉक्सला पुरेशी हवा पोचली पाहिजे. त्यासाठी सेन्सरपाशी जेवढा दाब लागेल तेवढा धरायचा. पास्कल हे दाबाचं एकक आहे आणि ३७५ पास्कल, म्हणजे जुन्या मापात दीड इंच पाण्याचा स्तंभ, हा पुष्कळ ठिकाणी दिसणारा आकडा. काम नीट झालेलं असेल तर इमारत ताब्यात देताना सगळ्यात लांबच्या बॉक्सपाशी प्रत्यक्ष हवा मोजून तो ठरवलेला असतो. बऱ्याचदा तो ड्रॉइंगवरून उचललेला गोल आकडा असतो आणि पुढे वर्षानुवर्षं त्याला कुणी हात लावत नाही.

इमारतीतल्या पाण्याच्या पंपाचं उदाहरण घ्या. सकाळी सगळे नळ एकदम सुरू असताना वरच्या मजल्यावर पाणी पोचावं म्हणून पंप पूर्ण दाबावर ठेवला. दुपारी चारच नळ सुरू आहेत, पण दाब तोच. मग प्रत्येक जण आपला नळ जेमतेम उघडतो, नाहीतर पाणी अंगावर उडतं. पंपानं मेहनत करून जो दाब तयार केला, तो नळाच्या चिंचोळ्या फटीत वाया गेला. व्हीएव्हीच्या डॅम्परमध्ये दिवसभर हेच चाललेलं असतं.

आकडे मांडून बघू

समजा एका इमारतीत ४० बॉक्स आहेत. पूर्ण भारावर फॅन सेकंदाला १० घनमीटर हवा देतो. त्यासाठी तो एकूण १००० पास्कल दाब तयार करतो. त्यातले ६२५ फिल्टर, गार पाण्याची कॉइल आणि सेन्सरपर्यंतचा डक्ट यांत खर्च होतात. उरलेले ३७५ सेन्सरपाशी मिळतात आणि पुढच्या फांद्या, बॉक्स, जाळ्या यांना पुरतात. फॅन, मोटार आणि ड्राइव्ह यांची मिळून कार्यक्षमता ६० टक्के धरू. लागणारी वीज काढायचं सूत्र सोपं आहे:

वीज = हवा × दाब ÷ कार्यक्षमता

१० गुणिले १०००, भागिले ०.६, म्हणजे सुमारे १६.७ किलोवॅट.

आता दुपारी निम्मी हवा पुरते आहे, सेकंदाला ५ घनमीटर. डक्टमधला खर्च हवेच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. हवा निम्मी झाली की घर्षण पाव होतं. त्यामुळे सेन्सरच्या आधीचे ६२५ आता १५६ पास्कलवर येतात. पण सेन्सरपाशी आपण ३७५ धरून ठेवले आहेत, ते काही उतरत नाहीत. फॅनला एकूण ५३१ पास्कल द्यावे लागतात आणि वीज लागते ४.४ किलोवॅट.

सेन्सरच्या पुढचा दाबही हवेबरोबर उतरू दिला असता, तर तिथे ३७५ चा पाव, म्हणजे ९४ पास्कल पुरले असते. एकूण दाब झाला असता २५० आणि वीज २.१ किलोवॅट. पुस्तकातला एक-अष्टमांश तो हाच. म्हणजे दुप्पट वीज जाते आहे ती २८१ जादा पास्कलपायी. ते पास्कल अर्धवट मिटलेल्या डॅम्परमध्ये आवाज आणि उष्णता होऊन संपतात. उष्णता पुन्हा त्याच गार हवेत मिसळते, म्हणजे ती काढायचं काम चिलरच्या गळ्यात. हा दुसरा भुर्दंड सहसा कुणी मोजत नाही.

आता खरं सांगायचं तर ९४ पर्यंत क्वचितच उतरता येतं. इमारतीची एकूण हवा निम्मी झाली म्हणून प्रत्येक खोलीची निम्मी होत नाही. सकाळी पूर्वेकडच्या काचेच्या खोल्यांना जवळजवळ पूर्ण हवा लागते, उत्तरेकडच्यांना नावापुरती. ज्या बॉक्सला पूर्ण हवा हवी आहे, त्याच्या फांदीला दाबही त्या मानानं हवा. म्हणून आपण धरू की १५० पास्कलवर सगळ्यांचं भागतं. तेव्हा एकूण दाब ३०६ आणि वीज २.५५ किलोवॅट. ४.४ वरून २.५५, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या वर बचत. वर्षात असे २००० तास असतील तर साधारण ३७५० युनिट, तेही एका फॅनमागे आणि एकही नवीन यंत्र न घेता. कमी स्पीडला मोटारीची कार्यक्षमता थोडी घसरते, म्हणून प्रत्यक्षातले आकडे जरा इकडेतिकडे होतील, पण प्रमाण हेच राहतं.

मग कमी आकडा टाकून मोकळं का होऊ नये?

कारण उद्या ऊन वाढलं की टोकाच्या खोल्या उकडतील, तक्रारी येतील आणि कुणीतरी चिडून आकडा ४५० करून जाईल. एकदा चढलेला आकडा मग खाली येत नाही. कायमचा कमी आकडा हे उत्तर नव्हे. खोल्यांना आत्ता किती दाब लागतो आहे हे बघून आकडा सतत हलता ठेवायचा, हे उत्तर. याला स्टॅटिक प्रेशर रीसेट म्हणतात.

खोल्यांना किती दाब लागतो हे सांगतं कोण? डॅम्परच सांगतो. सगळ्या झडपा अर्ध्याच उघड्या असतील तर दाब नक्की जास्त आहे. एखादी झडप पूर्ण उघडी असेल आणि तरी हवा अपुरी पडत असेल तर दाब कमी आहे. सगळ्यात गरजू बॉक्सची झडप जवळजवळ पूर्ण उघडी, पण त्याला हवा पुरती, या स्थितीत दाब नेमका हवा तेवढा असतो. अमेरिकेतल्या ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेचं ऊर्जेबाबतचं मानक, ९०.१, हेच मागतं: बॉक्स संगणकीय नियंत्रणाला जोडलेले असतील तर सर्वांत जास्त दाब मागणाऱ्या खोलीनुसार आकडा बदलत राहिला पाहिजे.

हे चालतं कसं?

आज सर्वांत रुळलेली पद्धत ॲश्रेच्या ‘गाइडलाइन ३६’ मध्ये दिली आहे. ती पहिल्यांदा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. पद्धतीचं नाव ‘ट्रिम अँड रिस्पॉन्ड’. कुणी काही मागत नसेल तर दाब थोडा थोडा छाटत राहायचा, मागणी आली की वाढवायचा.

मागणी करतो तो बॉक्स. झडप ९५ टक्क्यांच्या वर उघडली की बॉक्सकडून एक मागणी जाते आणि झडप ८५ च्या खाली आल्याशिवाय ती मागे घेतली जात नाही, म्हणजे ९५ च्या आसपास उगाच चालू-बंद होत नाही. झडप उघडी असूनही हवा ठरलेल्याच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तर दोन मागण्या, ५० टक्क्यांहूनही कमी असेल तर तीन. दर दोन मिनिटांनी सगळ्या मागण्यांची बेरीज होते. त्यातल्या पहिल्या दोन सोडून द्यायच्या. इमारतीत एखादी खोली कायम रडत असतेच, तिच्यासाठी सगळ्यांनी वीज का जाळायची, हा त्यामागचा व्यवहार. बेरीज काहीही असो, दर वेळी दाब १२ पास्कलनं उतरवायचा. बेरीज दोनहून जास्त असेल तर त्याच वेळी दोनच्या वरच्या प्रत्येक मागणीमागे १५ पास्कल चढवायचेही, पण एका वेळी ३२ पेक्षा जास्त नाही. हे आकडे गाइडलाइननं सुरुवातीला म्हणून दिलेले आहेत, इमारत बघून ते बदलायचे असतात.

आपल्या इमारतीतली सुट्टीनंतरची सकाळ घ्या. सात वाजता फॅन १२० पास्कलवर सुरू होतो. पहिली दहा मिनिटं यंत्रणेला स्थिर व्हायला सोडलेली असतात. इमारत दोन दिवस बंद होती, भिंती तापल्यात, सहा मागण्या आल्या. दोन सोडून चार उरल्या, चार पंधरे साठ, पण मर्यादा ३२ ची, त्यातून नेहमीचे १२ वजा, म्हणून दाब १४० होतो. दोन मिनिटांनी पुन्हा सहा, १६०. मग चार मागण्या, ३० वाढून आणि १२ उतरून १७८. मग तीन, १५ वाढून आणि १२ उतरून १८१. खोल्या गार होऊ लागतात, मागण्या दोनवर येतात आणि आकडा उतरू लागतो: १६९, १५७, १४५. कुठेतरी एखादी झडप पुन्हा पूर्ण उघडते, एक पायरी चढते, पुन्हा उतरण. दिवसभर हा आकडा असाच खालीवर होत राहतो. मागण्या जास्त असल्या की चढायचं पाऊल उतरायच्या पावलापेक्षा मोठं, हे मुद्दाम. थोडी वीज जास्त गेलेली चालते, खोली तापलेली चालत नाही.

दाब उतरवला तर खोलीत हवा कमी येईल ना?

ही शंका सगळे काढतात आणि ती रास्त आहे. पण आजकालच्या बहुतेक बॉक्समध्ये स्वतःचा हवामापक असतो. थर्मोस्टॅटनं सेकंदाला १५० लिटर मागितले, की बॉक्स १५० लिटर मिळेपर्यंत झडप उघडतो. डक्टमधला दाब उतरला की झडप ४० टक्क्यांवरून ६० वर जाते, हवा तेवढीच राहते. झडप पूर्ण उघडल्यानंतरच हवा खरोखर कमी पडायला लागते आणि नेमक्या त्याच वेळी बॉक्स मागणी पाठवतो. अर्धवट मिटलेल्या झडपेतून जोरात हवा घुसताना जी शिट्टीसारखी सुरसुर ऐकू येते, तीही कमी होते.

हवामापक नसलेले जुने बॉक्स असतील तर मात्र जपून. तिथे दाब बदलला की खोलीतली हवा लगेच बदलते आणि थर्मोस्टॅटला ते उशिरा कळतं. रीसेट तिथेही करता येतो, पण पावलं फार सावकाश ठेवावी लागतात.

आणखी एक शंका असते ती दोन नियंत्रणं एकमेकांशी भांडण्याची. फॅन दाब सांभाळतो, झडपा हवा सांभाळतात आणि वरून दाबाचा आकडाही हलतो, मग सगळं हेलकावे खात राहील की काय? हो, खाईल, आकडा घाईघाईनं हलवला तर. फॅननं काही सेकंदांत, झडपेनं मिनिटाभरात आणि आकड्यानं त्याहून सावकाश हलावं, हा क्रम पाळला की भांडण होत नाही. दाबाचा आलेख करवतीच्या दातांसारखा मोठमोठे झोके दाखवत असेल, तर आधी चढायचं पाऊल लहान करून बघावं.

एक खोली अख्खी इमारत कशी बिघडवते

इथवर वाचून सगळं फार सरळ वाटेल. प्रत्यक्षात रीसेट बसवलेल्या पुष्कळ इमारतींत तो नुसता नावाला असतो आणि कारण बहुधा एकच: एखादी बिघडलेली खोली. या क्षेत्रातले लोक तिला ‘रोग झोन’ म्हणतात, म्हणजे उनाड खोली.

आपल्याच इमारतीत कोपऱ्यातली एक मीटिंग रूम घ्या. नेटवर्कवाल्यांनी फॉल्स सीलिंगच्या वर केबलचा ट्रे टाकला आणि बॉक्सकडे जाणारा मऊ फ्लेक्सिबल डक्ट त्याखाली चेपला. खोलीला २०० लिटर हवी, मिळतात ९०. झडप शंभर टक्के उघडी, हवा ५० टक्क्यांच्या खाली, म्हणून तीन मागण्या. दोन सोडल्या तरी एक उरते. इमारतीतल्या बाकी ३९ बॉक्सना काहीच नको आहे, तरी दर दोन मिनिटांनी दाब १२ नं उतरून १५ नं चढतो, म्हणजे ३ नं वाढत जातो. १२० वरून ३७५ ला पोचायला पंच्याऐंशी पावलं, म्हणजे १७० मिनिटं. नंतर दिवसभर तो तिथेच चिकटून राहतो. चेपलेल्या डक्टमधून जादा दाबानंही फारशी जादा हवा जात नाही, त्यामुळे मागणी कधी संपतच नाही. रीसेट सुरू आहे, प्रोग्रॅम बिनचूक आहे, बचत शून्य आहे.

कारणं अर्थात आणखीही असतात. थर्मोस्टॅट प्रिंटरच्या मागे लावलेला असतो. कुणीतरी तो १८ अंशांवर नेऊन ठेवलेला असतो. साध्या खोलीसाठी निवडलेल्या बॉक्सवर पुढे सर्व्हरचं कपाट येऊन बसतं. झडपेचा दांडा मोटारीपासून सुटलेला असतो, मोटार फिरते आणि झडप जागची हलत नाही.

एक प्रकार जास्त फसवा आहे. झडप फिरवणाऱ्या स्वस्त मोटारी आपली स्थिती मोजत नाहीत. किती सेकंद फिरलो यावरून कंट्रोलर नुसता अंदाज बांधतो आणि हा अंदाज हळूहळू घसरतो. मग झडप खरी पूर्ण उघडी असूनही स्क्रीनवर ८८ टक्के दिसते, बॉक्स मागणी करत नाही आणि ती खोली गुपचूप तापत राहते. हवा ठरलेल्यापेक्षा कमी आणि झडपेचा आकडा ९५ च्या खाली असं एकत्र दिसलं, तर हाच संशय घ्यावा. रोज रात्री फॅन बंद असताना झडप पूर्ण मिटवून शून्य जुळवून घेतलं की घसरण साचत नाही.

आपल्या इमारतीत तपासायचं कसं?

इमारतीच्या नियंत्रण संगणकावर, म्हणजे बीएमएसवर, दाबाच्या ठरलेल्या आकड्याचा आठवडाभराचा आलेख काढायचा. सरळ आडवी रेघ दिसली तर रीसेट नाही, किंवा कुणीतरी हातानं बंद करून ठेवलाय. रेघ सकाळी चढून दिवसभर कमाल आकड्याला टेकलेली असेल तर उनाड खोली शोधायला लागायचं. दुपारी खाली, उन्हात वर, संध्याकाळी पुन्हा खाली अशी वळणं असतील तर यंत्रणा काम करते आहे.

उनाड खोली शोधायला कोपऱ्यान् कोपरा पालथा घालावा लागत नाही. प्रत्येक बॉक्सनं आठवड्यात किती तास मागणी केली, ते मोजून उतरत्या क्रमानं लावायचं. वरची दोन-तीन नावं बहुतेक वेळा बाकी सगळ्यांच्या कितीतरी पुढे असतात. तिथे शिडी घेऊन जायचं, फॉल्स सीलिंगची टाइल उचलायची आणि टॉर्च मारायचा. दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर तोवर त्या बॉक्सच्या मागणीला शून्यानं गुणायची सोय गाइडलाइनमध्ये आहे. म्हणजे तो कितीही ओरडला तरी बेरजेत धरला जात नाही. सोय चांगली आहे, पण अशी शून्यं नोंदवहीत लिहून ठेवावीत. नाहीतर दोन वर्षांनी निम्म्या बॉक्सवर शून्य निघतं आणि ती का लावली हे कुणालाच आठवत नाही.

कुठे हात घालू नये

हवेचं प्रमाण मुळात बदलतच नसेल तर रीसेट करून काही मिळत नाही. हे ऐकायला बाळबोध वाटतं, पण यात एक मेख आहे. पुष्कळ बॉक्सना किमान हवेची मर्यादा घातलेली असते, खोलीत ताजी हवा राहावी म्हणून. ती उदारपणे ५० टक्क्यांवर ठेवलेली असली, तर खोली रिकामी असो की भरलेली, हवा त्याखाली उतरतच नाही. अशा इमारतीत आधी ती मर्यादा खोलीच्या खऱ्या गरजेइतकी खाली आणायची, मग दाबाकडे वळायचं. उलट क्रमानं केलं तर वेळ जास्त जातो आणि बचत कमी दिसते.

दुसरी गोष्ट, पुरवठ्याच्या हवेचं तापमान. चिलरची वीज वाचावी म्हणून काही ठिकाणी हवा थोडी कमी गार करून सोडतात. कमी गार हवा म्हणजे तोच गारवा द्यायला जास्त हवा, म्हणजे झडपा उघड्या, म्हणजे दाबाची मागणी वर. एका हातानं वाचवलेलं दुसऱ्या हातानं जातं. म्हणून दोन्ही रीसेट सोबत चालवायचे असतील तर उन्हाच्या दिवसांत हवा पुरेशी गार ठेवून फॅनला सवलत द्यावी आणि बाहेर थंड असताना तापमान वर न्यावं. सुरुवात मात्र एकाच रीसेटनं करावी. दोन आकडे एकाच आठवड्यात हलवले तर वाचलेली वीज कशामुळे वाचली आणि तापलेली खोली कशामुळे तापली, हे मीटर बघूनही सांगता येत नाही.